शेवटचा हिशेब, एकेक ओळ

नोकरी सोडणाऱ्याला कंपनी जो शेवटचा हिशेब देते, त्याला ऑफिसात सगळे ‘फुल अँड फायनल’ म्हणतात. हा कागद हाती आला की बहुतेकांची नजर थेट तळाच्या आकड्यावर जाते. आकडा बरा वाटला की सही होते, कमी वाटला की चिडचिड होते. पण तळाच्या आकड्याकडे बघून हिशेब बरोबर आहे की नाही, हे कुणालाच सांगता येणार नाही. तो आकडा दहा-बारा छोट्या हिशेबांची बेरीज-वजाबाकी असतो आणि चूक झालीच तर त्या छोट्या हिशेबांपैकी एखाद्यात झालेली असते. म्हणून या कागदावर प्रत्येक येणे, प्रत्येक कपात आणि प्रत्येक वसुली स्वतंत्र ओळीत असली पाहिजे. रक्कम कशावर काढली, किती दिवसांची, भागाकार कितीने केला आणि आधार कोणत्या कागदाचा, एवढे त्या ओळीतून कळले पाहिजे.

हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या ऑफिसात रोज घडते.

पुण्यातल्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात पर्यवेक्षक असलेल्या एका बाईंनी राजीनामा दिला. महिन्याचा एकूण पगार ६०,००० रुपये. त्यात बेसिक ३६,०००, घरभाडे भत्ता १८,००० आणि वाहन भत्ता ६,०००. नोकरीत रुजू झाल्या त्याला सहा वर्षे आठ महिने झाले होते. राजीनाम्याचा ई-मेल १० मे रोजी पाठवला, शेवटचा कामाचा दिवस १८ जून. नियुक्तीपत्रात नोटीस ६० दिवसांची आणि ती अपुरी राहिल्यास ‘उरलेल्या दिवसांचा बेसिक पगार’ भरायचा, अशी अट. खात्यावर शिल्लक रजा २२ दिवस. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेल्या अॅडव्हान्सपैकी १०,००० रुपये फेडायचे बाकी. आणि एप्रिलमधल्या नागपूर दौऱ्याचे मंजूर झालेले ३,४५० रुपयांचे बिल अजून मिळायचे होते.

त्यांना आलेला हिशेब चार ओळींचा होता. पगार व रजा ६२,४००. ग्रॅच्युइटी १,२६,०००. वैधानिक कपात २,७९२. नोटीस व इतर वसुली ५९,०००. निव्वळ देय १,२६,६०८ रुपये.

बेरीज-वजाबाकी तपासली तर ती चोख आहे. तरीही या कागदात पाच चुका आहेत आणि चार ओळींच्या मांडणीमुळे त्यांपैकी एकही दिसत नाही. आता ओळी सोडवून पाहू.

जूनचा पगार

सुरुवात शेवटच्या महिन्याच्या पगारापासून करावी, कारण ही ओळ सगळ्यात सोपी असते आणि कंपनी भागाकार कसा करते हेही तिथेच कळते. जून महिना ३० दिवसांचा, काम १८ जूनपर्यंत. म्हणजे ६०,००० भागिले ३० गुणिले १८, बरोबर ३६,०००. बेसिक २१,६००, घरभाडे १०,८००, वाहन भत्ता ३,६००. हे तीन आकडे वेगळे दाखवायला हवेत, कारण भविष्यनिर्वाह निधीची कपात यांतल्या फक्त बेसिकवर बेतलेली आहे.

इथे दिवस मोजताना शनिवार-रविवार धरायचे असतात. भागाकार ३० ने केला आणि दिवस मात्र फक्त हजेरीचे धरले, तर सुट्ट्यांचा पगार गायब होतो. भागाकारात सुट्ट्या आल्या असतील तर गुणाकारातही त्या यायलाच हव्यात. जूनची ही ओळ कंपनीने बरोबर काढली होती.

शिल्लक रजा

रजेच्या ओळीत आधी दिवस तपासावेत, मग दर. बऱ्याच कंपन्या वर्षभराची रजा जानेवारीतच खात्यावर जमा दाखवतात. मध्येच नोकरी सोडणाऱ्याला त्यातली कमावलेलीच रजा मिळते, उरलेली हिशेबाच्या वेळी वजा होते. शेवटच्या पगारचिठ्ठीवर ३२ दिवस आणि हिशेबात २२ दिवस दिसले, तर त्यामागे हे कारण असू शकते. म्हणूनच हिशेबासोबत रजेचा खातेउतारा मागावा. पगारचिठ्ठीवरचा आकडा त्यासाठी पुरेसा नाही.

दर कंपनीच्या रजा धोरणात लिहिलेला असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तो लागू असलेल्या आस्थापनांतल्या कामगारांसाठी किमान रजा आणि रजेच्या पगाराचे नियम घालून दिले आहेत. त्यात ४५ दिवसांपर्यंत रजा साठवता येते. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षक पदांवरच्या लोकांना मात्र कंपनीचे धोरणच लागू पडते. या उदाहरणात धोरण ‘बेसिक भागिले ३०’ असे सांगते. दिवसाचे १,२०० रुपये, २२ दिवसांचे २६,४००. हीही ओळ ठीक होती. पण रजेचा पगार कंपनीने बेसिकवर दिला, हे ध्यानात ठेवा. नोटिशीच्या ओळीत त्याची गरज लागेल.

ग्रॅच्युइटी आणि २६ चा आकडा

सगळ्यात मोठी रक्कम इथे असते आणि सगळ्यात मोठी चूकही अनेकदा इथेच सापडते. पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचा पगार, हे ग्रॅच्युइटीचे मूळ सूत्र. कंपनीने ३६,००० ला ३० ने भागले, १५ ने गुणले, मग ७ वर्षांनी गुणले. उत्तर १,२६,०००.

कायदा ३० ने भागू देत नाही. महिन्याच्या पगाराला २६ ने भागायचे. महिन्यातले चार रविवार सुट्टीचे, म्हणजे महिन्याचा पगार माणूस २६ दिवसांच्या कामातून कमावतो. तेव्हा एका दिवसाची मजुरी काढताना २६ नेच भागले पाहिजे, हा त्यामागचा विचार. जामनगरच्या दिग्विजय वूलन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हीच पद्धत मान्य केली आणि १९८७ च्या दुरुस्तीने ती १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात स्पष्ट शब्दांत आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे.

३६,००० भागिले २६ गुणिले १५, म्हणजे वर्षाला २०,७६९ रुपये २३ पैसे. सात वर्षांचे १,४५,३८५. भागाकारातल्या एका आकड्याने १९,३८५ रुपयांचा फरक पडला.

सहा वर्षे आठ महिन्यांची सात वर्षे कशी झाली? शेवटच्या अपुऱ्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त नोकरी झाली असेल, तर ते वर्ष पूर्ण धरायचे, हा कायद्यातलाच नियम. सहा वर्षे पाच महिने झाले असते तर सहाच वर्षे धरली असती. म्हणून या ओळीत रुजू झाल्याची आणि शेवटच्या दिवसाची तारीख दोन्ही छापलेल्या असाव्यात.

पगार म्हणजे नेमके काय, हा प्रश्नही आता महत्त्वाचा झाला आहे. नव्या संहितांमध्ये घरभाडे, वाहन भत्ता, ओव्हरटाइम अशा ठरावीक बाबी ‘वेतना’तून वगळल्या आहेत आणि वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे. आपल्या उदाहरणात वगळलेल्या बाबी २४,००० आहेत, म्हणजे ६०,००० च्या निम्म्याहून कमी. त्यामुळे वेतन ३६,००० हेच राहते. पण ज्यांच्या पगारचिठ्ठीवर बेसिक छोटे आणि ‘स्पेशल अलाउन्स’ मोठा असतो, त्यांनी हा भत्ता ग्रॅच्युइटीच्या हिशेबात धरला का, हे लेखी विचारावे. वगळायच्या बाबींच्या यादीत या नावाचा भत्ता नाही.

नोटिशीची वसुली

आता वजाबाकीकडे वळू. ५९,००० च्या एका ओळीत तीन वेगळ्या वसुल्या कोंबलेल्या होत्या. त्यातली सगळ्यात मोठी नोटिशीची.

आधी दिवस. १० ते ३१ मे हे २२ दिवस, १ ते १८ जून हे १८ दिवस, एकूण ४०. साठांपैकी २० दिवस अपुरे. मोजणी राजीनामा कंपनीला मिळाला त्या दिवसापासून करावी. काही ठिकाणी वरिष्ठांनी राजीनामा ‘स्वीकारला’ त्या तारखेपासून मोजतात. साहेबांनी तीन दिवसांनी ई-मेल उघडला, तर त्या तीन दिवसांचे पैसे कर्मचाऱ्याच्या हिशेबातून जातात. राजीनाम्याच्या ई-मेलची प्रत आपल्या खासगी पत्त्यावर ठेवायची ती यासाठीच; शेवटच्या दिवसानंतर ऑफिसचा मेल उघडत नाही.

मग दर. कंपनीने एकूण पगारावर, दिवसाला २,००० रुपये धरून ४०,००० कापले. नियुक्तीपत्रात मात्र ‘बेसिक पगार’ असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे दिवसाला १,२००, वीस दिवसांचे २४,०००. देताना रजेचा दिवस १,२०० रुपयांचा आणि घेताना नोटिशीचा दिवस २,००० रुपयांचा, हा भेद दोन्ही ओळी शेजारी ठेवल्यावर लगेच डोळ्यांत येतो. एखाद्याच्या नियुक्तीपत्रात ‘एकूण पगार’ असेच लिहिले असेल, तर त्याला तो दर मान्य करावा लागेल. म्हणून वाद घालण्याआधी आपले पत्र काढून ती ओळ वाचावी.

या वसुलीवर १८ टक्के जीएसटी म्हणून ७,२०० रुपयेही लावले होते. पूर्वी यावरून खरोखरच संभ्रम होता. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने तो मिटवला: मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल घेतलेल्या रकमेवर जीएसटी नाही. ही ओळ हिशेबात दिसली, तर परिपत्रकाचा हवाला देऊन ती काढायला सांगावी.

बाकीच्या वसुल्या

अॅडव्हान्सचे १०,००० खरे देणे होते. तरी त्या ओळीत मूळ रक्कम ३०,०००, दरमहा ५,००० चे चार हप्ते वसूल, बाकी १०,००० असा प्रवास दिसला पाहिजे. शेवटच्या महिन्याचा हप्ता पगारातूनही कापला आणि बाकीतही धरला, ही चूक हप्ते मांडल्याशिवाय पकडता येत नाही.

तिसरी वसुली लॅपटॉपच्या चार्जरची, १,८०० रुपये. चार्जर परत केलेला होता, पण आयटी विभागाने ‘नो ड्यूज’च्या फॉर्मवर फक्त लॅपटॉपची नोंद केली. कंपनीची वस्तू हरवल्याबद्दल किंवा खराब झाल्याबद्दल पैसे कापायचे असतील, तर कर्मचाऱ्याला आधी म्हणणे मांडायची संधी द्यावी लागते, असे कायदा सांगतो. इथे तशी विचारणाच झाली नव्हती. वस्तू परत करताना प्रत्येक नग आणि त्याचा क्रमांक लिहिलेली पोच घ्यावी, म्हणजे अशी ओळ एका उत्तरात मिटते.

आणि प्रवासाचे ३,४५० रुपये हिशेबात कुठेच नव्हते. चुकीची ओळ शोधता येते, नसलेली ओळ शोधायला स्वतःची यादी लागते. मंजूर झालेली बिले, मागच्या तारखेपासून लागू झालेल्या पगारवाढीचा फरक, रोखून ठेवलेला एखाद्या महिन्याचा पगार, जाहीर झालेला बोनस किंवा इन्सेन्टिव्ह, हे सगळे आधीच एका कागदावर टिपून ठेवावे.

वैधानिक कपात

२,७९२ चा आकडा सोडवला की दोन ओळी होतात. जूनच्या २१,६०० बेसिकवर १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी, २,५९२ रुपये. कंपनी पूर्ण बेसिकवर वर्गणी भरते असे धरले आहे. आणि व्यवसाय कर २०० रुपये, महाराष्ट्रात या पगाराला लागतो तेवढा. रजेच्या रकमेवर निधीची कपात नको, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. ग्रॅच्युइटीवरही ती होत नाही.

आयकराची ओळ शून्य असली तरी ती छापावी. या बाईंचे वर्षाचे उत्पन्न नव्या करप्रणालीत करमुक्त राहण्याइतके आहे, म्हणून टीडीएस शून्य. नोकरी सोडताना मिळालेली ग्रॅच्युइटी २० लाखांपर्यंत आणि खासगी नोकरदाराच्या शिल्लक रजेचे पैसे २५ लाखांपर्यंत, सूत्रांच्या मर्यादेत, करमुक्त असतात. ही सूट न धरता कर कापला, तर ते पैसे मिळवायला विवरणपत्र भरून परताव्याची वाट पाहावी लागते. नव्या कंपनीला जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील द्यायचा असतो, तोही याच ओळींतून मिळतो.

आता तोच हिशेब पुन्हा मांडू.

| बाब | हिशेब | रुपये |
|---|---|---|
| जूनचा पगार | ६०,००० ÷ ३० × १८ दिवस | ३६,००० |
| शिल्लक रजा | बेसिक ३६,००० ÷ ३० × २२ दिवस | २६,४०० |
| प्रवास बिल | मंजूर बिलाप्रमाणे | ३,४५० |
| येणे (अ) | | ६५,८५० |
| भविष्यनिर्वाह निधी | २१,६०० वर १२ टक्के | २,५९२ |
| व्यवसाय कर | जून | २०० |
| आयकर | | ० |
| नोटिशीची वसुली | बेसिक ३६,००० ÷ ३० × २० दिवस | २४,००० |
| अॅडव्हान्सची बाकी | ३०,००० वजा २०,००० | १०,००० |
| कपात व वसुली (ब) | | ३६,७९२ |
| अ वजा ब | | २९,०५८ |
| ग्रॅच्युइटी (क) | ३६,००० ÷ २६ × १५ × ७ वर्षे | १,४५,३८५ |
| एकूण देय | | १,७४,४४३ |

आधीचा आकडा होता १,२६,६०८. फरक ४७,८३५ रुपयांचा. ग्रॅच्युइटीतले १९,३८५, नोटिशीच्या दरातले १६,०००, जीएसटीचे ७,२००, प्रवासाचे ३,४५० आणि चार्जरचे १,८००.

तक्त्यात ग्रॅच्युइटी वेगळी ठेवली आहे, ती मुद्दाम. कायद्याने ग्रॅच्युइटीला खास संरक्षण दिले आहे. कर्मचाऱ्याला त्याच्या जाणूनबुजून केलेल्या किंवा हलगर्जीपणाच्या कृत्याबद्दल बडतर्फ केले असेल, तर झालेल्या नुकसानीपुरती ती रोखता येते. हिंसक वर्तनासारख्या गंभीर कारणांसाठी बडतर्फी असेल तर पूर्णही. राजीनामा देऊन गेलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी नोटिशीसाठी किंवा अॅडव्हान्ससाठी कापायला त्यात जागा नाही. सगळ्या रकमा एकाच बेरजेत घातल्या, की वसुली नेमकी कशातून झाली हे कळत नाही.

वसुली पगारातून करण्यालाही मर्यादा आहे. वेतन संहितेप्रमाणे एका पगारकाळातली कपात वेतनाच्या निम्म्याहून जास्त असू नये. वरची बाकी त्यामुळे माफ होत नाही, ती नियमांत सांगितलेल्या पद्धतीने वेगळी वसूल करायची असते. आपल्या उदाहरणातली वसुली जूनच्या वेतनाच्या निम्म्याहून मोठी आहे, तेव्हा ती एकदम वळती करायला आपली संमती आहे की नाही, हे बाईंनी कंपनीला लेखी कळवणे योग्य.

पैसे कधी मिळायला हवेत, याचेही दोन वेगळे काटे आहेत. राजीनामा दिलेल्याचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे, असे वेतन संहिता सांगते. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे आणि उशीर झाला तर व्याज द्यावे लागते. भविष्यनिर्वाह निधीची जमा रक्कम या हिशेबात येतच नाही, ती निधीच्या खात्यातच राहते. मात्र तिथे नोकरी सोडल्याची तारीख नोंदली गेली का, ते पाहावे. कंपनीने नोंदली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः ऑनलाइन नोंदवता येते.

हिशेबाखाली बहुधा एक वाक्य छापलेले असते: ‘माझे कंपनीकडे कोणतेही येणे बाकी नाही.’ सहीची घाई त्या वाक्यासाठी असते. ओळी तपासून होईपर्यंत त्याखाली सही करू नये. चार ओळींचाच कागद आला असेल, तर एचआरला एवढेच लिहावे: ‘प्रत्येक येणे, कपात आणि वसुलीचा दर, दिवस, भागाकार आणि आधार कृपया वेगळा दाखवावा.’ तपशील आला की ज्या ओळीवर हरकत आहे तिचा क्रमांक, आपला हिशेब आणि आधाराचा कागद जोडून उत्तर द्यावे. ‘रक्कम कमी वाटते’ या तक्रारीवर पगार विभाग काही करू शकत नाही. ‘ग्रॅच्युइटी ३० ने भागली आहे, २६ ने भागावी’ ही तक्रार मात्र तिथला कारकून पाच मिनिटांत तपासू शकतो, आणि वाद कामगार आयुक्तांच्या कार्यालयापर्यंत गेलाच तर तिथेही हाच कागद पुढे ठेवता येतो.